दहावीच्या हजेरीची नोटीस आणि काविळीचे कागद

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या भावाचा नेरूळहून फोन आला. पुतणी दहावीला, सीबीएसईच्या शाळेत. शाळेकडून पत्र आलं होतं: ३० नोव्हेंबरपर्यंत १४८ दिवस शाळा भरली, त्यातले १०४ दिवस हजर, हजेरी ७०.२७ टक्के. ७५ टक्के पूर्ण नसल्यामुळे बोर्डाच्या परीक्षेला बसता येणार नाही, सात दिवसांत लेखी खुलासा द्या. भाऊ म्हणाला, "ताई, पोरगी जुलैत काविळीने महिनाभर झोपून होती, हे शाळेला माहीत आहे की! आता परत काय लिहून द्यायचं?"

शाळेला माहीत असणं आणि शाळेच्या फायलीत असणं यात फार फरक आहे. ठाण्यातल्या एका शाळेच्या कार्यालयात मी बरीच वर्षं काम केलं आणि असे खुलासे टेबलावर ढिगाने पाहिले. बहुतेक पालक दोनच ओळी लिहितात: "मुलगी आजारी होती, कृपया परवानगी द्यावी." सोबत औषधाच्या चिठ्ठीची एक झेरॉक्स. अशा पत्रावर मुख्याध्यापकांना मनात असूनही काही करता येत नाही, कारण निर्णय त्यांच्या हातात नसतो. त्यांना प्रस्ताव वर पाठवायचा असतो आणि तुमच्या कागदांत जे असेल तेच त्या प्रस्तावात जातं. म्हणून पुतणीच्या नोटिशीला आम्ही कसं उत्तर दिलं ते सगळं क्रमाने सांगते.

नियम काय आहे, तेवढं आधी

सीबीएसईत दहावी-बारावीला ७५ टक्के हजेरी लागते. ती मोजतात वर्ग सुरू झाल्यापासून, परीक्षा ज्या महिन्यात सुरू होते त्याच्या आधीच्या महिन्याच्या १ तारखेपर्यंत. परीक्षा फेब्रुवारीत, म्हणून मोजणी १ जानेवारीपर्यंत. कमी पडलेली हजेरी माफ करायचा अधिकार बोर्डाच्या अध्यक्षांना आहे आणि तो १५ टक्क्यांपर्यंतचा आहे. म्हणजे ६० ते ७५ च्या मधल्या मुलांसाठी दीर्घ आजार हे नियमात लिहिलेलं रीतसर कारण आहे. ६० च्या खाली गेलं तर कॅन्सर, क्षयरोग यांच्यासारखा, बराच काळ रुग्णालयात राहावं लागणारा गंभीर आजारच विचारात घेतात. तुमचं मूल या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते पहिल्या दिवशीच बघा. साध्या तापाच्या कागदांवर ५५ टक्क्यांची केस उभी राहत नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, या मर्यादेत बसणारं प्रकरण मुख्याध्यापकांनी बोर्डाकडे पाठवायचंच असतं. शिफारस करायची नसेल तर का करत नाही याची कारणं लिहून पाठवायची. "आम्ही पाठवत नाही" असं तोंडी उत्तर मिळालं तर नम्रपणे हा नियम दाखवायचा.

तिसरी गोष्ट तारीख. ऑक्टोबर २०२४ मध्ये बोर्डाने काढलेल्या परिपत्रकात शाळांनी अशी प्रकरणं ७ जानेवारीपर्यंत प्रादेशिक कार्यालयाकडे पाठवावीत, त्यानंतर घेतली जाणार नाहीत, असं होतं. तुमच्या वर्षाची तारीख शाळेकडून लेखी मागून घ्या. आपल्याकडच्या शाळांचं सीबीएसईचं प्रादेशिक कार्यालय पुण्याला आहे. नवी मुंबईत लोक हमखास वाशीच्या बोर्डात धावतात, पण ते राज्य मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय आहे. तिथे सीबीएसईच्या मुलांचं काही होत नाही. राज्य मंडळाच्या शाळेतही ७५ टक्क्यांचीच अट आहे आणि प्रकरण मुख्याध्यापकांमार्फतच जातं. कागद जमवायची पद्धत तीच, फक्त वरचं कार्यालय वेगळं.

आधी कॅटलॉग बघा

नोटीस हातात आली की पालक थेट डॉक्टरकडे पळतात. त्याआधी शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेकडे महिनावार हजेरी मागा. गैरहजेरीच्या तारखा एका वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी काय होतं ते लिहा. हे काम एका संध्याकाळचं आहे आणि पुढचं सगळं यावरच उभं राहतं.

पुतणीच्या ४४ गैरहजर दिवसांत ऑगस्टअखेरची एक तारीख अडखळली. त्या दिवशी शाळेनेच तिला विज्ञान प्रदर्शनाला नेलं होतं. विज्ञानाच्या बाईंकडे मुलांची यादी होती, पण वर्गाच्या कॅटलॉगमध्ये गैरहजेरी पडली होती. बाईंनी यादी दाखवली, नोंद दुरुस्त झाली. १०५ दिवस हजर, ४३ गैरहजर, हजेरी ७०.९५ टक्के. एका दिवसाने काय होतं असं वाटेल, पण पुढचा हिशेब बघा.

१ डिसेंबर ते १ जानेवारी या काळात शाळेचे १८ दिवस होते. एकूण होणार १६६. त्याचे ७५ टक्के १२४.५, म्हणजे १२५ दिवस हजेरी हवी. तिने एकही दिवस न बुडवता सगळे अठरा भरले तर १२३. दोन दिवस कमी, ७४.१ टक्के. मी भावाला सांगितलं, या महिन्यात क्लासची टेस्ट असो की घरात पाहुणे, शाळा एक दिवसही चुकवायची नाही. ७१ वरून आलेला अर्ज आणि ७४ वरून आलेला अर्ज यांत वाचणाऱ्याच्या मनावर फरक पडतो. नोटीस मिळाल्यावरही मूल दांड्या मारतंय असं दिसलं तर उत्तम सर्टिफिकेटही फिकं पडतं.

मग ४३ दिवसांची फोड केली. काविळीचे २६. सप्टेंबरातल्या तापाचे ९. गावी लग्नाला गेलो ते ५. आणि ३ दिवस, ज्यांचं कारण घरात कुणालाच आठवेना.

कुठले कागद, आणि त्यांत काय वाचायचं

आजारपणाचा पुरावा म्हणजे एक सर्टिफिकेट, असा समज आहे. खरं तर प्रस्ताव वाचणारा तीन प्रश्न विचारत असतो: आजार काय होता, कधीपासून कधीपर्यंत होता, आणि तेवढे दिवस शाळेत जाता येणार नाही असं डॉक्टरांनी त्याच वेळी सांगितलं होतं का. एका कागदात ही तिन्ही उत्तरं क्वचितच असतात.

काविळीसाठी भावाकडे डिस्चार्ज कार्ड होतं: ९ जुलैला दाखल, १३ जुलैला घरी. डिस्चार्ज कार्ड फक्त हे पाच दिवस सिद्ध करतं. पुढचा महिना सिद्ध करायला विश्रांतीचा सल्ला लागतो. तो कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात होता: सहा आठवडे विश्रांती. मी भावाला म्हटलं, ही ओळ झेरॉक्समध्ये पुसट आली तर अख्खा महिना गेला समज. कार्डाची मागची बाजू घ्या, प्रत गडद काढा, आणि त्या ओळीशेजारी पेन्सिलीने खूण करा. मूळ कागदावर मात्र काहीही लिहायचं नाही.

त्यानंतर रक्ताचे रिपोर्ट. जुलैतला हिपॅटायटिस ए चा पॉझिटिव्ह रिपोर्ट, तेव्हाचं वाढलेलं बिलिरुबिन, आणि ऑगस्टात ते उतरल्याचा रिपोर्ट. रिपोर्टवर तारीख छापलेली असते आणि ती लॅबच्या यंत्रातून येते, म्हणून आजाराची दोन्ही टोकं ती पक्की करते. पालक सहसा पहिला रिपोर्टच जोडतात. शेवटचा त्याहून उपयोगाचा असतो, कारण मूल बरं होईपर्यंत घरी होतं हे तोच सांगतो.

आता इथे एक गाठ होती. ९ जुलैपासून सहा आठवडे धरले तर विश्रांती १९ ऑगस्टपर्यंत जाते. पुतणी १८ ऑगस्टलाच शाळेत हजर होती. डिस्चार्ज कार्ड म्हणतं अंथरुणावर, कॅटलॉग म्हणतो वर्गात. अशी एक विसंगती दिसली की वाचणारा बाकीच्या कागदांकडेही संशयाने बघतो. सुदैवाने डॉक्टरांनी १४ ऑगस्टला तपासून शाळेत जायला हरकत नाही असं फिटनेस सर्टिफिकेट दिलं होतं, ते कपाटात सापडलं. मग गोष्ट सरळ झाली: सल्ला सहा आठवड्यांचा, पण बरं लवकर वाटलं, १४ ला फिटनेस मिळालं, १८ ला शाळेत. पत्रात दावा ९ जुलै ते १४ ऑगस्ट एवढ्याच मुदतीचा केला. तुमच्याकडेही तारखा अशा आडव्या येत असतील तर त्या लपवू नका, एका वाक्यात स्पष्ट करा.

फिटनेसचा कागद सापडला नसता तर? रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाचं रेकॉर्ड डॉक्टरांनी तीन वर्षं ठेवायचं असतं आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं असतं. हा वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांतला भाग आहे. साधा लेखी अर्ज करून प्रत मागा. प्रत मागताना "जुन्या तारखेचं नवीन सर्टिफिकेट द्या" असं मात्र कधीही म्हणू नका. आज दिलेल्या कागदावर आजचीच तारीख हवी. त्यात "आमच्या नोंदीनुसार अमुक ते अमुक उपचार चालू होते" असं लिहिलेलं चालतं. नोटिशीनंतर एकाच दिवशी, एकाच पेनाने लिहिलेली तीन महिन्यांची तीन सर्टिफिकेटं मी पाहिली आहेत. ती ओळखायला बोर्डाचा माणूस लागत नाही, शाळेचा क्लार्कही ओळखतो. खोटा कागद निघाला तर हजेरी राहते बाजूला आणि मूल भलत्याच चौकशीत अडकतं.

प्रत्येक वैद्यकीय कागदावर चार गोष्टी तपासा: मुलाचं नाव शाळेच्या रजिस्टरप्रमाणेच आहे का, आजाराचं नाव वाचता येतं का, तारखा आहेत का, आणि डॉक्टरांची सही-शिक्क्यासोबत नोंदणी क्रमांक आहे का. पुतणीच्या लॅब रिपोर्टवर घरातलं लाडकं नाव पडलं होतं. लॅबने आधार कार्ड बघून नाव दुरुस्त केलेली प्रत दिली, पण त्यात दोन दिवस गेले.

सरकारी डॉक्टरांचा कागद

खासगी रुग्णालयाचे सगळे कागद असले तरी दीर्घ आजाराच्या प्रकरणात सीबीएसई सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागते. इथे पालक गडबडतात, कारण आजार जुलैत होऊन गेला आणि सरकारी डॉक्टरांनी मूल तेव्हा पाहिलेलंच नाही.

सरकारी डॉक्टर "मी उपचार केले" असं लिहू शकत नाहीत आणि तसं मागूही नये. ते तुमचे मूळ कागद बघतात, मुलाला तपासतात आणि कागदांनुसार अमुक आजार, अमुक काळ, अमुक विश्रांती असं प्रमाणित करतात. ठाण्यात जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत महापालिकेची वाशी, नेरूळ, ऐरोलीची रुग्णालयं आहेत. महापालिकेच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालेल ना, हे आधी शाळेला विचारून घ्या, म्हणजे दोन फेऱ्या होणार नाहीत.

पुतणीची शाळा पाच दिवसांची, म्हणून भाऊ तिला शनिवारी सकाळी घेऊन गेला. हजेरीसाठीच्या कागदापायी हजेरी बुडवायची नाही! सोबत मूळ फाईल, एक झेरॉक्स संच, दोघांची ओळखपत्रं, मुलीचा फोटो आणि शाळेची नोटीस. नोटीस दाखवली की डॉक्टरांना कागद कशासाठी हवा ते कळतं, नाहीतर ते साधी ओपीडीची चिठ्ठी देऊन पाठवतात. ओपीडीचा केसपेपर काढला, डॉक्टरांनी पोट तपासलं, ऑगस्टचा रिपोर्ट वाचला आणि तीन ओळींचं प्रमाणपत्र दिलं. तो केसपेपरही आम्ही फायलीला जोडला.

ताप, लग्न आणि न आठवणारे दिवस

सप्टेंबरातल्या नऊ दिवसांसाठी गल्लीतल्या डॉक्टरांची एक चिठ्ठी होती, "पाच दिवस विश्रांती" लिहिलेली, आणि रक्ताचा एक रिपोर्ट. म्हणजे पाच दिवसांचा पुरावा. उरलेल्या चार दिवसांसाठी वहिनीने वर्गशिक्षिकेला व्हॉट्सॲपवर पाठवलेले मेसेज होते. त्यांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे छापून जोडले. ते वैद्यकीय पुरावा नाहीत, पण शाळेला त्याच दिवशी कळवलं होतं एवढं त्यातून दिसतं. सुट्टीचा अर्ज त्या त्या वेळी द्यावा आणि आजारपणाचे कागद शाळेत परतल्याबरोबर द्यावेत, अशीच बोर्डाची अपेक्षा आहे.

लग्नाच्या पाच दिवसांवर घरात वाद झाला. वहिनीचं म्हणणं, तेही अशक्तपणात घाला, कोण बघतंय. मी नाही म्हटलं. ते दिवस काविळीच्या मुदतीबाहेर होते आणि पुराव्याचे ३१ दिवस आपल्या बळावर पुरेसे होते. कागद नसलेले १२ दिवस स्पष्ट कबूल केले तर ३१ दिवसांवरचा विश्वास वाढतो. ते मिसळले तर ३१ सुद्धा डळमळतात.

पत्र

शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर हेच याच क्रमाने इंग्रजीत लिहा. एक पान पुरे. आम्ही असं लिहिलं:

प्रति, मा. प्राचार्य.
विषय: इयत्ता दहावीच्या हजेरीबाबत आपल्या ४ डिसेंबरच्या नोटिशीस उत्तर आणि कमी हजेरी माफ होण्यासाठी प्रस्ताव पाठवण्याची विनंती.

महोदया,
माझी मुलगी (नाव, तुकडी, हजेरी क्रमांक) हिची ३० नोव्हेंबरपर्यंतची हजेरी, दुरुस्तीनंतर, १४८ पैकी १०५ दिवस आहे. गैरहजेरीच्या ४३ दिवसांपैकी ३१ दिवस आजारपणाचे असून त्यांचे वैद्यकीय पुरावे सोबत आहेत.

९ जुलै ते १४ ऑगस्ट या काळात तिला हिपॅटायटिस ए ची कावीळ झाली होती. ९ ते १३ जुलै ती रुग्णालयात दाखल होती, नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी विश्रांती घेत होती. सल्ला सहा आठवड्यांचा होता, परंतु १४ ऑगस्टला तपासणीनंतर फिटनेस मिळाल्यामुळे ती १८ ऑगस्टपासून शाळेत येऊ लागली. या काळातील शाळेचे दिवस २६. सप्टेंबरमध्ये तापामुळे ५ दिवस विश्रांतीचा सल्ला होता.

उरलेल्या १२ दिवसांपैकी ४ दिवसांचे तापाचे निरोप वर्गशिक्षिकेला त्याच दिवशी दिले होते, ५ दिवस कौटुंबिक कार्यासाठी आणि ३ दिवस अन्य कारणांनी गैरहजेरी झाली. या दिवसांसाठी वैद्यकीय कारणाचा दावा नाही.

पुराव्याचे ३१ दिवस बाजूला ठेवल्यास शाळेच्या ११७ दिवसांपैकी ती १०५ दिवस हजर होती, म्हणजे जवळपास ९० टक्के. १ जानेवारीपर्यंतचे सर्व दिवस ती हजर राहील. तिचे प्रकरण आपल्या शिफारशीसह मुदतीत प्रादेशिक कार्यालयाकडे पाठवावे ही विनंती. आजारपणात राहिलेल्या अंतर्गत मूल्यमापनासाठी तारीख द्यावी.

सोबत: जोडपत्र १ ते ८.

९० टक्क्यांचं ते वाक्य मुद्दाम घातलं आहे. बोर्ड आजारपणाचे दिवस वजा करून टक्केवारी काढत नाही, त्यामुळे "आमची हजेरी ९० टक्के आहे" असं लिहिणं चूक ठरेल. पण बरी असताना मुलगी नेमाने शाळेत येत होती हे त्या आकड्याइतकं नेमकं दुसरं काही सांगत नाही, आणि शिफारस लिहिणाऱ्या प्राचार्यांना ते वाक्य आयतं मिळतं.

पत्रात नसलेल्या गोष्टीही बघा. दुसऱ्या मुलाची तुलना नाही, शिक्षकांबद्दल तक्रार नाही, मुलीच्या भविष्याची विनवणी नाही. जोडपत्रांवर वर उजव्या कोपऱ्यात क्रमांक घाला आणि कागद तारखेच्या क्रमाने लावा: डिस्चार्ज कार्ड, जुलैचा रिपोर्ट, ऑगस्टचा रिपोर्ट, फिटनेस, सप्टेंबरची चिठ्ठी आणि रिपोर्ट, मेसेजचे छापील पान, सरकारी प्रमाणपत्र केसपेपरसह, आणि शेवटी गैरहजेरीच्या तारखांचा तक्ता. प्रत्येक झेरॉक्सवर पालकाची सही. मूळ कागद शाळेत दाखवायचे, ठेवून यायचे नाहीत.

देताना आणि दिल्यावर

पत्राच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. वर्गशिक्षिकेच्या हातात दिलेलं पत्र दिलेलं धरू नका. ते त्यांच्या पर्समधून स्टाफरूममध्ये आणि तिथून कपाटात जातं, आणि जानेवारीत कुणाला सापडत नाही. शाळेच्या ईमेलवरही पूर्ण संच एकाच पीडीएफमध्ये पाठवून ठेवा. भावाने १० डिसेंबरला पत्र दिलं, म्हणजे मुदतीच्या एक दिवस आधी. सरकारी प्रमाणपत्र तुमच्या हातात वेळेत आलं नाही तरी उत्तराची मुदत चुकवू नका. पत्र द्या, त्यात "जोडपत्र ७ अमुक तारखेपर्यंत सादर करतो" लिहा, आणि ते खरंच त्या तारखेला द्या.

त्यानंतर शाळेकडून दोन गोष्टी विचारायच्या. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विचारायचं की प्रस्ताव तयार आहे का आणि त्यात तुमची जोडपत्रं सगळी आहेत का. शाळेला बोर्डाच्या ठरलेल्या नमुन्यात शिफारस भरावी लागते, म्हणून नाताळच्या सुट्टीत कार्यालय कोण उघडं ठेवणार आहे हेही आधी विचारा. आणि मुदतीच्या दिवशी, पाठवल्याचा क्रमांक किंवा तारीख मागायची. हे विचारायला संकोच वाटतो, पण कार्यालयातल्या माणसाला ते त्रासाचं वाटत नाही. फोन करणाऱ्या पालकाची फाईल वर राहते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

शाळेने प्रस्ताव पाठवायला नकार दिला तर कारण लेखी मागा आणि तुमच्या पत्राची आवक प्रत जोडून थेट पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाला ईमेल आणि स्पीड पोस्टने कळवा. बोर्डानेच नाकारलं तर उरतो उच्च न्यायालयाचा रस्ता, आणि त्यासाठी हाताशी फार थोडे दिवस असतात. त्या दिवसात वकील पहिल्यांदा मागतो ती शिक्का मारलेली आवक प्रतच.

पुतणीचा प्रस्ताव नाताळच्या सुट्टीनंतर लगेच शिफारशीसह गेला. डिसेंबरचे अठराच्या अठरा दिवस तिने भरले. प्रवेशपत्र शाळेमार्फत मिळालं, त्या दिवशी भावाने मला फक्त त्याचा फोटो पाठवला. ती फाईल अजून त्यांच्या कपाटात आहे, क्रमांकासकट.